पाण्याच्या वाटेचा दहावा थांबा

चावीवाल्याचं खरं नाव आमच्या गल्लीत फार थोड्यांना माहीत आहे. पाणीखात्यात त्याने वीस वर्षं रस्त्यातले व्हॉल्व्ह उघडले आणि बंद केले. त्यासाठी खांद्यावर माणसाच्या उंचीची लोखंडी चावी घेऊन तो फिरायचा, म्हणून चावीवाला. आपल्याला शहर वरून दिसतं, त्याला ते खालून दिसायचं. कुठल्या झाकणाखाली किती इंची नळ आहे, तो कुठून येतो, कुठे वळतो, हे तो चालता चालता सांगायचा. ऐकणारा कंटाळला तरी तो थांबत नसे.

मी त्याच्या समोरच्या दारात राहतो. छापखान्यात जुळारी होतो. दुसऱ्याने लिहिलेलं जुळवायची सवय, स्वतः लिहायची नाही. तरी हे लिहायला बसलोय, कारण या गोष्टीतला एक मजकूर माझ्या बोटांनी टाईप झाला आहे आणि तो बरोबर होता की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

चावीवाला माणूस वाईट नाही, पण विसरत नाही. एकदा कोपऱ्यावरच्या न्हाव्याने त्याच्या कानाला कात्री लावली आणि वर म्हणाला, "मान हलवली तुम्ही." झालं. त्या दिवसापासून हा दाढी-कटिंगला अर्धा तास चालून दुसऱ्या न्हाव्याकडे जायला लागला. येताना मात्र मुद्दाम पहिल्याच्या दुकानावरून यायचा. ताजे केस कापलेले, मानेवर पावडर, चाल एकदम संथ. हे अकरा वर्षं चाललं. न्हाव्याने दुकान विकलं तेव्हा याला करमेना.

कानाचं हे. मग आगीचं काय असेल?

एकोणीस वर्षांपूर्वी सुतारांच्या आळीत भरदुपारी एका कारखान्याला आग लागली. दोघा भावांचा कारखाना होता, वडिलांपासून चालत आलेला. बंब वेळेवर आला. आळीच्या तोंडाशी बंबाला पाणी भरायची जागा आहे, तिथे नळी जोडली, आणि पाणीच नाही. दुसरीकडून भरून आणेपर्यंत अर्धा तास गेला. थोरला भाऊ हत्यारं वाचवायला आत शिरला. त्याचे दोन्ही हात असे भाजले की पुढे त्याने कधी रंधा धरला नाही. सहा वर्षांनी तो वारला. धाकटा अजून त्याच जागेवर नवा कारखाना चालवतो.

पाणी नव्हतं, कारण आळीचा व्हॉल्व्ह बंद होता. तो चावीवाल्याने बंद केला होता. तसा हुकूम होता म्हणून. संध्याकाळी टेकडीवरच्या नव्या वसाहतीच्या टाकीचं उद्घाटन होतं, पाहुणे येणार होते आणि टाकी निम्मीही भरली नव्हती. मुख्य अभियंता साहेबांनी पाणीखात्याच्या चौकीवर फोन केला, "आळीकडचं सगळं बंद कर, वर चढव." चावीवाला म्हणाला, "साहेब, बंबाची लाईन त्याच्यावर आहे." साहेब म्हणाले, "तासाभराचा प्रश्न आहे. कर."

पुढे चौकशी बसली. साहेबांनी सांगितलं की असा हुकूम मी दिलाच नाही. फोनवरचा हुकूम, कागद कुठून येणार? व्हॉल्व्हमनने परस्पर, विनापरवानगी व्हॉल्व्ह बंद केला असा शेरा पडला. चावीवाला सहा महिने निलंबित झाला, आणि परत घेतला तो पंपघरात. बारा वर्षं, निवृत्त होईपर्यंत, तो त्या आवाजात बसून होता. रस्ता सुटला. चालणाऱ्या माणसाला बसवून ठेवणं ही काय शिक्षा असते ते त्याच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना विचारा. म्हणायच्या, "घरात येतात, पण येत नाहीत."

सुतारांच्या आळीत तो पुन्हा कधी गेला नाही. तीन रस्ते लांबून वळसा घालायचा. धाकटा सुतार बाजारात समोर आला तर हा दुकानात शिरायचा, भले ते बांगड्यांचं का असेना.

"एकदा जाऊन सांग ना त्याला," मी म्हणायचो.

"काय सांगू? हुकूम होता? पुरावा काय म्हणेल. आणि सांगायचं ज्याने, तो सांगतोय का बघ की!"

सांगायचं ज्याने ते साहेब दरम्यान निवृत्त झाले आणि आमच्या सकाळच्या फिरणाऱ्यांच्या गटाचे अध्यक्ष झाले. गटात सत्तर-ऐंशी माणसं, बहुतेक माझ्यासारखी पिकली पानं. फोनवर गट, रोज सुप्रभात, रविवारी सगळ्यांनी मिळून लांब फेरी. चावीवाला गटात आला तो डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून आणि वहिनींनी नाव घातलं म्हणून. पहिल्याच दिवशी साहेब त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "अरे, आपला चावीवाला! झालं गेलं विसरून जायचं, काय?"

चावीवाला हसला. मी त्याला चाळीस वर्षं ओळखतो. ते हसू मी त्या न्हाव्याच्या दुकानावरून जाताना पाहिलेलं होतं.

या वर्षी पाणीखात्याला शंभर वर्षं झाली. साहेबांनी गटात जाहीर केलं की या निमित्ताने 'पाण्याची वाट' अशी फेरी काढायची. जुनी टाकी, पहिला सार्वजनिक नळ, बुजवलेली विहीर, असं बघत बघत शेवटी खात्याच्या सभागृहात जायचं. तिथे साहेबांना मानपत्र मिळणार होतं. पण हे सगळं नेमकं कुठे आहे ते साहेबांना कुठे माहीत? ते आयुष्यभर जीपमध्ये. त्यांनी चावीवाल्याला बाजूला घेऊन सांगितलं, "तुला पाठ आहे सगळं. एक नकाशा करून दे. फुकट करता येतो म्हणे इंटरनेटवर."

"करतो की," चावीवाला म्हणाला.

मी घरी आल्यावर विचारलं, "वेडा झालास का? त्यांच्यासाठी?"

"त्यांच्यासाठी नाही रे. वाट माझी आहे. एकदा कागदावर येऊ दे."

वाचनालयाच्या माडीवर तीन कॉम्प्युटर आहेत. चिठ्ठीवर नाव लिहून एक तास मिळतो. ग्रंथपाल बाईंनी आम्हाला नकाशाचं पान उघडून दिलं, चावीवाल्याच्या नावाने खातं काढून दिलं आणि म्हणाल्या, "काका, बिघडत काही नाही. चुकलं तर मागे घ्यायचा बाण आहे." टायपिंग माझ्याकडे आलं, उंदीर चावीवाल्याकडे. पहिल्या दिवशी त्याने नकाशा इतका ओढला की आम्ही समुद्रात जाऊन पडलो.

पण आठवडाभरात त्याचा हात बसला. जागा शोधायची, मोठी करायची, तिथे एक खूण टोचायची. खुणेला नाव द्यायचं आणि खाली दोन-चार ओळी लिहायच्या. खुणा एका थरात. मग दुसऱ्या थरात मार्ग काढायचा, 'पायी' असं निवडायचं आणि एकेक थांबा ओळीने भरायचा, की निळी रेघ आपोआप रस्त्यारस्त्याने धावते. ती रेघ पहिल्यांदा उमटली तेव्हा चावीवाला खुर्चीतून उठला. पडद्यावर बोट ठेवून म्हणाला, "ही चुकली. इथून नाही जात, मधून बोळ आहे." नकाशाला तो बोळ माहीत नव्हता. मग त्याने रेघेला मधेच पकडून शेजारच्या गल्लीतून ओढून घेतली. नव्या बैलाला वळवावं तसं.

त्याचे थांबे अकरा होते. मार्गात दहाच मावतात, अकरावा घ्यायला ते पान तयार होईना. (एक थर वाढवून पुढचा मार्ग तिथे घेता येतो, हे आम्हाला फार नंतर कळलं.) अकरापैकी एक सुतारांच्या आळीचा थांबा होता, बंबाच्या नळाचा, शहरातला सगळ्यात जुना. चावीवाला म्हणाला, साहेबांनाच विचारू कुठला गाळायचा. यादी दाखवली. साहेबांनी चष्मा वर केला, यादीवरून बोट फिरवलं आणि एका जागी थांबवलं.

"हा काढ. आळीत काय आहे बघण्यासारखं? भुसा!"

चावीवाल्याने मान डोलावली. दहावा थांबा सभागृहाचा ठेवला, आळी गाळली.

नकाशा पाठवतानाही आम्ही आपटी खाल्ली. दुवा गटात टाकला आणि दहा मिनिटांत तक्रारी आल्या, उघडत नाही, परवानगी मागतोय. ग्रंथपाल बाई हसल्या. नकाशा अजून खाजगीच होता. शेअरमध्ये जाऊन 'दुवा असलेल्या कोणालाही पाहता येईल' हे चालू करावं लागतं. केलं. आता सगळ्यांना दिसायला लागला. बघता येईल, बदलता येणार नाही, बदलण्याचा हक्क फक्त ज्याचं खातं त्याचा.

त्या संध्याकाळी वाहवा सुरू झाली आणि तासाभरात ती चावीवाल्याच्या हातून निसटली. साहेबांनी तोच दुवा उचलून खात्याच्या मोठ्या गटात, वसाहतीच्या गटात, सगळीकडे पाठवला. वर लिहिलं, 'शताब्दीनिमित्त मी स्वतः शहरभर पायी फिरून तयार केलेला नकाशा. प्रत्येक थांब्याचा मजकूर माझा. चूकभूल द्यावी घ्यावी.' आमच्या गटातही तोच निरोप फिरून आला. अंगठे, टाळ्या, फुलं. कोणीतरी लिहिलं, 'साहेब, या वयात हा उत्साह!'

मला वाटलं चावीवाला फोन फोडतो. त्याने फोन माझ्यासमोर धरला आणि विचारलं, "भाऊ, त्यांनी पाठवला म्हणजे नकाशा त्यांचा झाला का?"

"नाही. तुझ्याच खात्यात आहे."

"मग मी काही बदललं तर?"

"जो उघडेल त्याला बदललेलं दिसणार. त्यांनी काय, नुसता पत्ता पाठवलाय."

"त्यांना माहीत आहे हे?"

मी म्हटलं, बहुतेक नसावं. साहेब त्याला फोटो समजत असणार. एकदा आला की आला, तसाच राहणार.

चावीवाल्याने साहेबांचा निरोप पुन्हा वाचला. मग म्हणाला, "प्रत्येक थांब्याचा मजकूर माझा, असं लिहिलंय ना त्यांनी? स्वतःच्या हाताने?"

"लिहिलंय."

"वहिनीला सांग, आज माझ्या हातचा चहा." वहिनी त्याचीच बायको होती. आनंदात त्याला नाती आठवत नसत.

शनिवारी संध्याकाळी वाचनालय सहाला बंद होतं. आम्ही पाच ते सहाची चिठ्ठी घेतली. फेरी रविवारी सकाळी होती. आधी केलं असतं तर कोणीतरी बघून साहेबांना सांगितलं असतं. चावीवाल्याने मार्गाच्या शेवटच्या टोकाला धरलं आणि सभागृहावरून उचलून सुतारांच्या आळीत, बंबाच्या नळापाशी सोडलं. निळी रेघ क्षणभर गायब झाली आणि नव्या वाटेने परत आली. दहावी खूणही त्याने उचलून तिथेच आणली. मग म्हणाला, "लिही."

"काय?"

तो सांगत गेला, मी बोटं चालवत गेलो. मजकूर असा होता:

'आगीच्या दिवशी दुपारी इथला व्हॉल्व्ह बंद करण्याचा हुकूम मी फोनवरून दिला. बंबाची लाईन आहे, असं मला सांगण्यात आलं होतं. टाकीच्या उद्घाटनासाठी मी ऐकलं नाही. चौकशीत मी हुकूम दिल्याचं नाकारलं आणि दोष व्हॉल्व्हमनवर ढकलला. मुख्य अभियंता.'

माझी बोटं थांबली. "अरे, हे त्यांच्या तोंडी घातलंस तू. 'मी' काय?"

"मजकूर त्यांचाच आहे. त्यांनीच सांगितलंय सगळ्या गावाला."

"पण खोटं..."

"यात खोटं काय आहे? एक शब्द दाखव."

खोटा शब्द नव्हता. खोटा फक्त बोलणारा होता. मी ते म्हटलं नाही. मला भांडता येत नाही. वर बारीक अक्षरांत आलं की सगळे बदल जतन झाले आहेत, आणि ग्रंथपाल बाईंनी दिवे घालवले.

रविवारी चौसष्ट माणसं जमली. साहेब पांढऱ्या टोपीत, हातात काठी, पुढे. ते फोन घेत नव्हते. "मला नकाशा कशाला? मीच केलाय." थांबे वाचून दाखवायचं काम निवृत्त शाळाबाईंकडे होतं. त्यांचा आवाज असा की वर्गात बोलल्या तर मैदानातली पोरं गप्प व्हायची. प्रत्येक थांब्यावर त्या फोन नाकापुढे धरून मजकूर वाचायच्या, लोक वाहवा म्हणायचे आणि साहेब काठीने तो नळ, ती विहीर दाखवायचे. बुजलेल्या विहिरीपाशी त्यांनी काठी भलत्याच चौथऱ्यावर ठेवली. चावीवाल्याने कुणाला दिसणार नाही असा डोळा मिचकावला माझ्याकडे बघून. तो सगळ्यांच्या मागे चालत होता. कित्येक वर्षांनी त्याची ती जुनी चाल मी बघत होतो, पाऊल मोजून टाकल्यासारखी.

नवव्या थांब्यानंतर सभागृहासाठी उजवीकडे वळायचं. लोक डावीकडे वळले.

"अहो, इकडे! इकडे!" साहेब ओरडले.

"साहेब, नकाशात डावीकडेच आहे," शाळाबाई म्हणाल्या. "ही बघा रेघ."

"सभागृह उजवीकडे आहे, बाई!"

"तुम्हीच तर काढलीय रेघ!" एक जण हसत म्हणाला. "का साहेब, सरप्राईज ठेवलंय वाटतं काही?"

साहेबांचा चेहरा बदलला. मला वाटतं त्यांना वाटलं, सरप्राईज त्यांच्यासाठी आहे. खात्याच्या लोकांनी सत्काराची जागा बदलली असेल, फलक वगैरे लावला असेल. ते टोपी नीट करून डावीकडे वळले. आळीच्या तोंडाशी आल्यावर मात्र त्यांची काठी मंदावली.

रविवार असूनही धाकट्या सुताराचा कारखाना चालू होता. दाराबाहेर पायापुढे फळी घेऊन तो रंधा मारत होता. चौसष्ट माणसं दारात बघून तो थांबला. त्याच्या कपाळावर भुसा चिकटला होता. लोक नळाभोवती उभे राहिले, आणि शाळाबाईंनी, पुढे काय आहे ते न बघता, वाचायला सुरुवात केली.

तिसऱ्या वाक्याला त्यांचा आवाज खाली आला. पण मैदानाचा आवाज खाली आला तरी आळीला पुरतो. 'दोष व्हॉल्व्हमनवर ढकलला. मुख्य अभियंता,' इथपर्यंत त्यांनी वाचलं आणि फोन पदराखाली घेतला, चुकून उघडं पडलेलं काही झाकावं तसा.

मग वसाहतीतले एक आजोबा, ज्यांना ऐकायला कमी येतं आणि समजायला त्याहून, पुढे होऊन साहेबांचा हात धरून म्हणाले, "केवढं मोठं मन! जाहीर कबुली द्यायला छाती लागते हो."

दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. बाकीच्यांनी त्यांच्याकडे बघितलं, आणि टाळ्या जिथल्या तिथे विरल्या.

"हे मी लिहिलेलं नाही!" साहेब म्हणाले.

"पण तुम्ही तर म्हणाला होता, प्रत्येक थांब्याचा..."

"नकाशा माझा नाहीच मुळी! त्याचा आहे!" त्यांनी काठी मागे चावीवाल्याकडे केली. "त्यानेच केलाय सगळा. हा हलकटपणाही त्याचाच!"

चौसष्ट माना मागे वळल्या. चावीवाल्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून मला कसंतरी झालं. पोटभर जेवलेल्या माणसाचा चेहरा. साहेबांनी एका वाक्यात नकाशा परत केला होता, आणि तोही सगळ्यांसमोर.

"नकाशा कुणाचा ते राहू द्या," धाकटा सुतार म्हणाला. तो फळीपुढून उठला नव्हता. "वाचलं ते खरं की खोटं?"

"तुम्ही कोण?" साहेबांनी विचारलं. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

"मी धाकटा. थोरल्याचे हात इथे जळले."

साहेबांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "एकोणीस वर्षं झाली. फोनवर कोण काय बोललं, मला आठवत नाही."

"हुकूम दिला की नाही, तेवढं सांगा. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा."

"आठवत नाही, म्हटलं ना."

"चौकशीत आठवत होतं," चावीवाला मागून म्हणाला. "तेव्हा 'दिला नाही' म्हणून सही ठोकलीत. आता आठवत नाही? मग तेव्हा कसं आठवलं हो साहेब?"

साहेब सभागृहाच्या दिशेने चालायला लागले. चार-पाच जण त्यांच्यामागे गेले. बाकीचे जागेवर चुळबुळत राहिले. शाळाबाई डोळे टिपत होत्या. थोरला त्यांचा विद्यार्थी होता, हे मला नंतर कळलं.

मला वाटलं आता सुतार उठेल, चावीवाल्याला मिठी मारेल. चावीवाल्यालाही तसंच वाटलं असावं, कारण तो वाट करत पुढे आला आणि फळीपाशी उभा राहिला. सुताराने त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं.

"हुकूम त्यांचा. बरं. आणि चावी कोणी फिरवली?"

चावीवाल्याच्या चेहऱ्यावरचं जेवण उतरलं.

"मी."

"लाईन बंबाची आहे, हे तुला माहीत होतं."

"होतं. सांगितलं मी त्यांना."

"सांगितलंस, आणि फिरवलीस."

"फिरवली. अडतीस फेरे."

"त्यात तुझं नाव कुठे आहे?" सुताराने शाळाबाईंच्या फोनकडे बोट केलं. "त्यात तू बिचारा व्हॉल्व्हमन. दोष ढकललेला. मी एकोणीस वर्षं वाट बघतोय की तुम्हा दोघांपैकी एक तरी या दारात येऊन 'मी केलं' म्हणेल. आलास, तोही चौसष्ट जणांना पुढे घालून, आणि दुसऱ्याच्या नावाने."

"भाऊ..." चावीवाला एवढंच म्हणाला. मला वाटलं मला हाक मारतोय. नव्हता मारत.

"ते पण लिही," सुतार म्हणाला आणि रंधा उचलला. "मग ये."

आम्ही तसेच घरी आलो. दुपारी फोन आला तो माझ्याकडे. चावीवाल्याशी बोलायची साहेबांना सोय नव्हती. मागे मानपत्राच्या समारंभाचा आवाज नव्हता, शांतता होती. म्हणाले, "तुम्ही सभ्य माणूस आहात. त्याला सांगा, तो दहावा थांबा ताबडतोब काढून टाक. शंभर ठिकाणी गेलाय तो नकाशा. लोक विचारताहेत."

"तुम्हीच पाठवलाय ना साहेब, तुम्हीच काढा," मी म्हणालो, आणि माझ्या तोंडून असं काही निघालं याचं मलाच आश्चर्य वाटलं.

"मला काढता येत नाहीये! बटणच दिसत नाही!"

मी चावीवाल्याला निरोप दिला. तो ओट्यावर बसून होता. "त्यांना म्हणावं, लेखी अर्ज करा," तो म्हणाला. "कोणता मजकूर काढायचा आणि का काढायचा ते लिहून, खाली सही करून द्या. तोंडी हुकमावर मी काही बंद करत नाही आता."

हे मी जसंच्या तसं सांगितलं. पलीकडे फोन आपटल्याचा आवाज आला. अर्ज आजपर्यंत आलेला नाही. यायचा कसा? काय लिहिणार? आठवड्याभरात साहेबांनी प्रकृतीचं कारण देऊन अध्यक्षपद सोडलं आणि गटातून बाहेर पडले. ते बाहेर पडल्याची ओळ गटात उमटली तेव्हा चावीवाल्याने ती मला तीनदा दाखवली.

पण ते नंतर. सोमवारी वाचनालय उघडल्या उघडल्या त्याने पहिली चिठ्ठी घेतली. दहाव्या खुणेचा मजकूर उघडून त्याने मला पहिलं वाक्य वाचायला लावलं. मग म्हणाला, "'मी' काढ. 'मुख्य अभियंत्याने' घाल. त्यांचं त्यांच्या नावावर, माझं माझ्या."

सगळा मजकूर फिरवला. साहेबांचं एकही वाक्य गाळलं नाही, हुकूम, नकार, ढकललेला दोष, सगळं राहिलं. फक्त ते आता त्यांच्याविषयी होतं, त्यांच्या तोंडून नव्हतं. मग शेवटी त्याने नवीन ओळी सांगितल्या. एकेक शब्द अडकत होता. ग्रंथपाल बाई दोनदा येऊन गेल्या, वेळ संपल्याचं सांगायला, आणि दोन्ही वेळा न सांगताच गेल्या.

'बंबाची लाईन आहे हे मला माहीत होतं. नोकरीच्या भीतीने मी चावी फिरवली. आग लागली तेव्हा मी टेकडीवर टाकी बघत होतो. थोरल्या सुताराचे हात माझ्यामुळे गेले. एकोणीस वर्षं मी इथे आलो नाही. व्हॉल्व्हमन.' आणि खाली त्याने स्वतःचं पूर्ण नाव टाईप करायला सांगितलं. मला ते कसं लिहितात हे विचारावं लागलं.

"आता साहेबांना वाटेल तू घाबरलास," मी म्हटलं.

"वाटू दे. त्यांचा काढलाय का मी एक शब्द तरी?" तो म्हणाला. "उलट आता खोटं म्हणायलाही जागा नाही त्यांना. ज्याने स्वतःचं लिहिलं त्याला कोण खोटा म्हणेल?" आणि परत ते हसू. मला क्षणभर कळेना, हे त्याने सुतारासाठी लिहिलं की साहेबांसाठी. मला वाटतं दोघांसाठी. मला ते अजून नीट उलगडत नाही.

संध्याकाळी तो आळीत गेला. मला म्हणाला, "तू इथेच थांब, नळापाशी." मी थांबलो. त्याने फोनवर नकाशा उघडून सुतारासमोर धरला. सुताराने हात पुसले, फोन घेतला आणि वाचायला लागला. तो हळू वाचतो. ओठ हलत होते. एका जागी तो थांबला, परत मागे गेला, पुन्हा वाचलं. आतून यंत्राच्या करवतीचा आवाज येत होता, तो त्याने हात वर करून बंद करायला लावला.

मग फोन परत देत म्हणाला, "हं. आता बरोबर आहे."

चावीवाला उभाच होता. काय करावं त्याला कळत नव्हतं. सुताराने पायाने एक स्टूल त्याच्याकडे सरकवलं आणि तो पुन्हा फळीकडे वळला. चावीवाला बसला. मी बराच वेळ नळापाशी उभा राहिलो, मग अंधार पडायला लागला तसा एकटाच घरी आलो, आणि वहिनींना सांगितलं की आज त्यांना उशीर होईल.